डायक्लोरोकार्बीनने सायक्लोप्रोपेन करताना: या चुका टाळा

सायक्लोहेक्झिनपासून ७,७-डायक्लोरोनॉरकॅरेन करण्याची कृती कागदावर चार ओळींत मावते. ०.१ मोल अल्कीनसाठी साधारण असे घ्या: सायक्लोहेक्झिन ८.२ ग्रॅम, क्लोरोफॉर्म ३६ ग्रॅम (२४ मिली), बेंझाइल ट्रायइथाइल अमोनियम क्लोराइड ०.२३ ग्रॅम, आणि १६ ग्रॅम कॉस्टिक सोडा १६ मिली पाण्यात विरघळवून केलेले थंड द्रावण. तरीही उतारा कधी ७० टक्के येतो, तर कधी जेमतेम १०.

सगळ्यात जास्त घोळ ढवळण्यात होतो. क्लोरोफॉर्ममधला हायड्रोजन निघतो तो दोन थरांच्या सीमेवर. तिथे तयार झालेला ट्रायक्लोरोमिथाइल ऋणायन अमोनियम क्षार उचलून सेंद्रिय थरात नेतो, आणि तिथे क्लोराइड सोडून त्याचा कार्बीन होतो. त्यामुळे सीमा जितकी जास्त, तितकी अभिक्रिया वेगवान. मॅग्नेटिक बार नुसता तळाशी गरगरत असेल आणि दोन थर वेगळे दिसत असतील, तर काहीच होत नाही. मिश्रण दुधाळ दिसायला हवे. छोट्या प्रमाणात मोठा अंडाकृती बार चालतो. २०० मिलीच्या पुढे मात्र यांत्रिक स्टररच लावा, कारण मीठ साचू लागले की मिश्रण घट्ट होते आणि बार अडकतो.

दुसरी चूक सोडा पातळ घेण्याची. ‘जरा सौम्य बरा’ म्हणून २० टक्के द्रावण घेतले तर हायड्रॉक्साइडभोवती पाणी जास्त राहते, त्याची आम्लारी ताकद घटते, आणि जो कार्बीन तयार होतो तोही पाण्याशी भिडून कार्बन मोनॉक्साइड आणि फॉर्मेट यांत वाया जातो. वजनाने ५० टक्केच घ्या. कार्बन मोनॉक्साइड थोडा का होईना निघतोच, म्हणून काम फ्यूम हूडमध्येच करा आणि फ्लास्क बंद करू नका.

सोडा थेंबथेंब घाला. सुरुवातीला काही मिनिटे काहीच घडत नाही असे वाटते, मग तापमान एकदम चढते. त्या शांततेत घाई करून सगळा सोडा ओतला, की क्लोरोफॉर्म उकळून कंडेन्सरमधून वर येतो आणि मिश्रण तपकिरी, डांबरासारखे होते. थंड पाण्याचे भांडे हाताशी ठेवा, ४० ते ४५ अंशांवर धरा आणि दोन-तीन तास ढवळत राहा.

इथे एक इशारा, ज्याला सवलत नाही: फ्लास्क ॲसिटोनने धुतला असेल तर पूर्ण कोरडा करा. ॲसिटोन, क्लोरोफॉर्म आणि आम्लारी एकत्र आले की प्रचंड उष्णता निघते आणि स्फोटही होऊ शकतो.

आता थर वेगळे करण्याची वेळ. ५० टक्के सोड्याची घनता सुमारे १.५, म्हणजे सेंद्रिय थर त्याच्यावर तरंगतो. १०० मिली पाणी घातले की सोडा पातळ होतो आणि सेंद्रिय थर खाली जातो. ही उलथापालथ लक्षात न आल्याने उत्पादन सिंकमध्ये गेलेले आहे. शंका असेल तर एका थराचा थेंब पाण्यात टाकून बघा, आणि काम संपेपर्यंत दोन्ही थर जपा.

त्रिमितीय रचनेतली चूक वेगळ्या जातीची आहे. सायक्लोहेक्झिनपासून फक्त सिस-जोड असलेले उत्पादन मिळाले, म्हणून ‘अभिक्रिया स्टिरिओस्पेसिफिक आहे’ असे जर्नलमध्ये लिहिले जाते. पण साध्या सायक्लोहेक्झिनमध्ये दुहेरी बंध सिसच असतो, आणि ट्रान्स-जोडाचे उत्पादन ताणामुळे अवघड असते. त्यामुळे या उदाहरणातून काहीच सिद्ध होत नाही. परीक्षा घ्यायची तर बीटा-मिथाइलस्टायरीनसारखे उघड्या साखळीचे अल्कीन, सिस आणि ट्रान्स अशा दोन्ही रूपांत वापरा. डायक्लोरोकार्बीन सिंगलेट असतो आणि दोन्ही बंध एकाच टप्प्यात जोडतो, म्हणून मधे फिरायला वाव नसतो: सिसपासून सिस, ट्रान्सपासून ट्रान्स. दोन्हींपासून मिळते ते रेसेमिक मिश्रण. कार्बीन दोन्ही बाजूंनी सारखाच येतो.

एनएमआर वाचताना अल्कीनचा नियम इथे लावू नका. अल्कीनमध्ये ट्रान्स हायड्रोजनांचे कपलिंग मोठे असते, सायक्लोप्रोपेनमध्ये सिसचे मोठे. फिनाइल आणि मिथाइल सिस असतील तर वलयावरचे त्यांचे हायड्रोजनही सिस असतात, आणि त्यांचे कपलिंग ट्रान्स रूपापेक्षा जास्त दिसते.

दोन रूपांचे मिश्रण मिळाले तर आधी कार्बीनवर बोट ठेवू नका. सुरुवातीच्या अल्कीनचा जीसी काढा. त्यात ५ टक्के दुसरे रूप असेल तर उत्पादनातही जवळपास तेवढेच असणार. अल्कीन शुद्ध असूनही रूपे मिसळली असतील, तर त्याला इलेक्ट्रॉन ओढणारा गट जोडलेला आहे का ते पाहा. मॅलिएट एस्टरसारख्या संयुगावर कार्बीनऐवजी त्याच्या आधीचा ट्रायक्लोरोमिथाइल ऋणायनच मायकेल पद्धतीने हल्ला करतो. मधला कार्बनायन फिरू शकतो, मग वलय बंद होते आणि मूळ भूमिती हरवते. अशा अल्कीनसाठी ही पद्धतच चुकीची आहे; तापमान किंवा क्षार बदलून ती सुधारत नाही.