बाळाच्या डोक्यावरची पिवळी खपली: न खरवडता कशी काढावी आणि डॉक्टरांना कधी दाखवावी

बाळ काही आठवड्यांचं झालं की त्याच्या टाळूवर पिवळसर, तेलकट खपल्या दिसू लागतात. कधी त्या पातळ कोंड्यासारख्या असतात, तर कधी एकावर एक थर साचून त्यांचा जाड पापुद्रा होतो. बालरोगतज्ज्ञ याला क्रॅडल कॅप म्हणतात. बहुतेक बाळांमध्ये ती पहिल्या तीन महिन्यांत उगवते आणि वर्षाच्या आत आपोआप जाते. ती संसर्गजन्य नसते, बाळाला सहसा खाजत नाही, दुखत नाही आणि अंघोळ घालण्यात कुणी हयगय केली म्हणूनही ती होत नाही.

मग काढायची कशाला, असा प्रश्न पडेल. खपली पातळ असेल तर खरोखरच काही करण्याची गरज नाही, नेहमीचं डोकं धुणं पुरतं. थर जाड झाला, केस त्यात अडकू लागले किंवा घरातलं कुणी ना कुणी नखाने ती उचकटायला लागलं, की मात्र नीट पद्धतीने काढलेली बरी. खपलीने बाळाला इजा होत नाही, ती होते खरवडण्याने.

खपली चिकटते कशामुळे

गर्भात असताना आईची संप्रेरकं बाळाकडे जातात. त्यांच्या प्रभावामुळे जन्मानंतरही काही महिने बाळाच्या डोक्यावरच्या तैलग्रंथी जास्त तेल सोडतात, असं मानलं जातं. त्याच तेलावर मॅलॅसेझिया नावाची बुरशी वाढते. ही बुरशी मोठ्या माणसांच्या त्वचेवरही असतेच. तिच्यामुळे त्वचेला किंचित दाह होतो आणि एरवी गळून गेल्या असत्या अशा मृत पेशी तेलात अडकून तिथेच राहतात. म्हणजे खपली हा तेल आणि मृत त्वचा यांचा चिकट थर आहे. तो कोरडा असताना ओढला तर खालची जिवंत त्वचाही सोबत सुटते, रक्त येतं आणि त्या उघड्या जागेतून जंतू आत शिरतात. म्हणून आधी थर मऊ करायचा, मग तो सैल करायचा आणि शेवटी तेलासकट धुऊन टाकायचा.

टाळूवर खपली सर्वांत जाड असते, याला एक साधं कारण आहे. टाळू मऊ लागते म्हणून घरातले तिथे हात लावायला घाबरतात. ती जागा नीट धुतली जात नाही आणि थर वाढत जातो. टाळूखाली मजबूत पडदा असतो. बोटांच्या पेरांनी किंवा मऊ ब्रशने हलकं चोळल्याने त्याला काही होत नाही.

तेल कोणतं

सुगंध नसलेलं मिनरल ऑइल किंवा साधी पेट्रोलियम जेली निवडा. मॅलॅसेझिया तेलांतल्या फॅटी आम्लांवर वाढते आणि या दोन पदार्थांत ती नसतात. ऑलिव्ह तेल पुष्कळ ठिकाणी सुचवलं जातं, पण त्यातलं ओलेइक आम्ल बाळाच्या नाजूक त्वचेचं संरक्षक आवरण कमकुवत करू शकतं, म्हणून ते टाळावं. शेंगदाण्याचं तेल ॲलर्जीच्या शक्यतेमुळे नको आणि मोहरीचं तेल त्वचेला झोंबतं म्हणून नको. टी ट्री ऑइलसारखी सुगंधी अर्कतेलंही तान्ह्या बाळाच्या डोक्याला लावू नयेत.

तेलाची बाटली बाळाच्या आणि मोठ्या भावंडांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. पातळ मिनरल ऑइल तोंडात जाऊन ठसका लागला तर ते फुप्फुसात उतरू शकतं.

प्रत्यक्ष कृती

अंघोळीच्या आधीची वेळ सोयीची. बाळाचं पोट भरलेलं असावं, पण नुकतंच दूध पाजलेलं नसावं. अर्धा छोटा चमचा तेल तळहातावर घ्या आणि बोटांनी फक्त खपली असलेल्या भागावर लावा. साऱ्या डोक्याला माखण्याची गरज नाही, कारण लावलेलं सगळं तेल पुढे धुऊन काढायचं आहे. बोटांच्या पेरांनी गोल गोल फिरवत मिनिटभर तेल जिरवा आणि 15 ते 20 मिनिटं थांबा. एवढ्याने पापुद्रा मऊ झाला नाही तर दुसऱ्या दिवशी तेलाऐवजी पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावून काही तास ठेवता येईल.

आता बाळासाठीचा अगदी मऊ दातांचा ब्रश किंवा ओलसर मऊ सुती कापड घ्या. दाब किती द्यायचा हे आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला ब्रश फिरवून ठरवा. तिथे लाल रेघ उमटली तर तो दाब जास्त आहे. हलक्या हाताने छोटी वर्तुळं काढत एक-दोन मिनिटं ब्रश फिरवा. जे खवले स्वतःहून उचलले जातील तेवढेच घ्या. एक कड सुटली आणि दुसरी घट्ट असेल, तर ती ओढू नका, उद्यासाठी सोडा. बारीक दातांची फणी वापरायचीच असेल तर सुटलेले खवले केसांतून विंचरून काढण्यापुरती वापरा. तिचे दात खपलीखाली घालून थर उचलू नये.

त्यानंतर कोमट पाण्याने डोकं ओलं करा आणि सुगंध नसलेल्या बेबी शाम्पूचे दोन-तीन थेंब फेसून लावा. साधारण मिनिटभर बोटांनी चोळा, टाळूवरही. डोकं किंचित मागे कलतं धरून धुवा, म्हणजे फेस डोळ्यांत जाणार नाही. केस अजून तेलकट लागत असतील तर पुन्हा एकदा शाम्पू लावा. तेलाने बाळ आणि तुमचे हात निसरडे झालेले असतात, म्हणून टबमध्ये बाळाला एका हाताने घट्ट आधार हवाच. शेवटी टॉवेलने टिपून डोकं लगेच कोरडं करा, कारण ओल्या डोक्यातून तान्ह्या बाळाच्या अंगातली ऊब पटकन जाते.

सगळी मेहनत वाया जाते ती बहुधा धुण्याच्या पायरीवर. तेल लावून खपली मऊ केली जाते, पण डोकं नुसत्या पाण्याने धुतलं जातं किंवा तेल दिवसभर तसंच राहू दिलं जातं. उरलेल्या तेलात नवे खवले अडकतात आणि दोन दिवसांत पापुद्रा आधीइतकाच जाड होतो. तेल लावूनही खपली वाढतेच आहे असं वाटत असेल, तर तेल आणखी वाढवण्याआधी धुणं पाहा.

आठवडाभरात काय दिसतं

समजा, बाळ सहा आठवड्यांचं आहे. टाळूवर मोठ्या नाण्याएवढा जाड पिवळा थर आहे आणि भुवयांवर पातळ खवले आहेत. पहिल्या दिवशी फक्त वरचा सुटा चुरा निघेल, थर जवळपास तसाच दिसेल, आणि ते अपेक्षितच आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कडा पातळ होऊन उचलल्या जातात. खवल्यांबरोबर काही केसही येतात, ते पुन्हा उगवतात. सहाव्या-सातव्या दिवसापर्यंत मधला थर जाऊन खाली किंचित गुलाबी त्वचा दिसते. सावळ्या बाळाची त्वचा तिथे आजूबाजूपेक्षा फिकट किंवा गडद दिसू शकते. हा रंग काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पूर्ववत होतो, त्यावर वेगळं काही लावू नये.

या बाळाच्या भुवयांसाठी कापसाच्या बोळ्यावर तेलाचा एक थेंब पुरतो. दहा मिनिटांनी ओल्या कापडाने बाहेरच्या दिशेने पुसायचं. तिथे शाम्पू नको, डोळा जवळ असतो.

रोज धुतल्याने त्वचा कोरडी पडून तडकायला लागली तर एक दिवसाआड धुवा. खपली गेल्यावर आठवड्यातून दोन-तीन वेळा शाम्पू पुरतो. मध्येच पातळ थर परत आला तरी उपाय फसला असं नाही. तैलग्रंथी अजून कामात आहेत एवढाच त्याचा अर्थ.

मोठ्यांचा कोंड्याचा शाम्पू स्वतःच्या मनाने वापरू नका. त्यातल्या काहींत सॅलिसिलिक ॲसिड असतं आणि ते बाळाच्या त्वचेतून शरीरात शोषलं जाऊ शकतं.

डॉक्टरांना कधी दाखवावं

दोन आठवडे नीट तेल-शाम्पू करूनही फरक नसेल, खपली चेहऱ्यावर, मानेच्या घडीत, काखेत किंवा लंगोटाच्या जागी पसरली असेल, किंवा वर्ष उलटूनही टिकून असेल, तर पुढच्या एक-दोन दिवसांत बालरोगतज्ज्ञांना दाखवा. बाळ सतत डोकं घासत असेल, खाजेने झोपत नसेल, तर तो वेगळा इसब असू शकतो. गोल चट्ट्यात केस तुटलेले दिसत असतील तर डोक्यावरच्या नायट्याची शंका घ्यावी लागते आणि त्यावर तेलाचा उपयोग होत नाही.

पुढच्या गोष्टींत मात्र त्याच दिवशी जावं. जागेतून पाणी किंवा पू येणं, दुर्गंधी, सूज, हाताला गरम लागणं, किंवा ओलसर मधासारख्या रंगाची पपडी धरणं ही जंतुसंसर्गाची चिन्हं आहेत. खवल्यांमध्ये टाचणीच्या टोकाएवढे लाल-जांभळे ठिपके असतील आणि काचेचा पेला दाबून धरल्यावरही ते फिके होत नसतील, तर ते त्वचेखालचे रक्तस्राव असू शकतात, त्यांची तपासणी व्हायलाच हवी. सारं अंग लाल होऊन सोलवटतंय आणि सोबत जुलाब आहेत किंवा वजन वाढत नाही, असं असेल तर हा नुसता त्वचेचा प्रश्न राहत नाही. पहिल्या काही आठवड्यांच्या बाळाच्या डोक्यावर पाण्याने भरलेले बारीक फोड दिसले, किंवा तीन महिन्यांखालच्या बाळाला 38 अंश सेल्सियस वा त्याहून जास्त ताप आला, तर सकाळची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठा.

दवाखान्यात जाण्याच्या दिवशी डोक्याला काही लावू नका, म्हणजे डॉक्टरांना मूळ खपली दिसेल. आधीच्या दिवसांचे फोटो आणि वापरलेल्या तेलाची, शाम्पूची नावं सोबत न्या. डॉक्टर गरजेनुसार बुरशीविरोधी शाम्पू किंवा क्रीम, उदाहरणार्थ कीटोकोनॅझोल, किंवा मोजक्या दिवसांसाठी सौम्य हायड्रोकॉर्टिझोन देतात. किती वेळ ठेवायचं, किती दिवस लावायचं आणि कधी थांबवायचं, हे तिथेच विचारून लिहून घ्या. घरात कुणासाठी तरी आणलेलं स्टेरॉइड क्रीम बाळाच्या डोक्याला लावू नका, कारण बाळाची त्वचा पातळ असल्याने औषध मोठ्यांपेक्षा जास्त प्रमाणात आत शोषलं जातं.