जुन्या कॉलमचं जॅकेटिंग करताना या चुका टाळा

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर ठाण्यातल्या एका सोसायटीने बोलावलं. खाली पार्किंग, वर चार मजले, बांधकाम १९८०च्या आसपासचं. दोन वर्षांपूर्वी पार्किंगमधल्या सहा कॉलमना जॅकेटिंग करून घेतलं होतं, म्हणजे जुन्या कॉलमभोवती सळया बांधून नव्या काँक्रीटचं आवरण चढवलं होतं. रंग छान, कोपरे ओळंब्यात. तक्रार एवढीच, की पहिल्या मजल्यावरच्या एका घरात कॉलमलगतच्या भिंतीतली तिरकी भेग बुजवूनही पुन्हा उघडत होती.

शिडी लावून वर चढलो. जॅकेट जिथे बीमच्या तळाला भिडतं, तिथे केसाएवढी आडवी रेघ होती. गिलाव्याचा पापुद्रा खरवडून फटीत हॅक्सॉ ब्लेड सरकवलं, तर ते आठ सेंटीमीटर आत गेलं. जॅकेटची जाडी होती दहा सेंटीमीटर. म्हणजे ते जॅकेट बीमला जवळजवळ टेकलेलंच नव्हतं. इमारतीचं ओझं पूर्वीसारखंच जुन्या, सडलेल्या कॉलमवर होतं आणि भोवती नवं काँक्रीट नुसतं उभं होतं.

जॅकेटिंगमध्ये माल कमी पडला म्हणून काम फसल्याचं मी क्वचितच पाहिलंय. बहुतेक वेळा जॅकेटपर्यंत भार पोहोचतच नाही, आणि हे बाहेरून दिसत नाही. म्हणून या एकाच इमारतीचे आकडे घेऊन नीट सांगतो.

टाचे मारण्याआधी टेकू नाहीत

कॉलम २३० बाय ४५० मिलिमीटरचा, म्हणजे आपला नेहमीचा नऊ बाय अठरा इंची. त्याच्या वाट्याला प्रत्येक मजल्याचा साधारण १२ चौरस मीटर भाग येतो. चार मजले आणि गच्ची धरून, भिंती, लादी, माणसं, सामान असं सगळं मिळून हिशेब जवळपास ६५ टनांवर जातो. कोअर, म्हणजे नळकांड्यासारखा नमुना, काढून तपासलेल्या काँक्रीटची ताकद निघाली १० ते १२ मेगापास्कल, म्हणजे प्रत्येक चौरस मिलिमीटरला १० ते १२ न्यूटन. ६५ टन त्या पूर्ण छेदावर पसरले, तर प्रत्येक चौरस मिलिमीटरवर सुमारे ६ न्यूटन येतात. म्हणजे कॉलम आधीच काठावर होता.

आता कामगार येतो आणि फुगलेलं कव्हर, म्हणजे सळयांवरचा बाहेरचा काँक्रीटचा थर, फोडायला लागतो. सळईच्या मागपर्यंत जायचं म्हणून चारही बाजूंनी ४० मिलिमीटर काँक्रीट काढलं, तर उरतो १५० बाय ३७०चा गाभा. हा गुणाकार कागदावर करून पाहा. मूळ क्षेत्रफळाच्या जेमतेम ५४ टक्के शिल्लक राहतं. ताण सहावरून थेट बाराजवळ पोहोचतो, म्हणजे काँक्रीटच्या उरल्यासुरल्या ताकदीइतका. ज्या दिवशी कॉलम दुरुस्तीला घेतला, तोच त्याच्या आयुष्यातला सगळ्यात धोक्याचा दिवस असतो. आणि घाईत अशा एका ओळीतले चार-पाच कॉलम एकाच वेळी सोललेले मी स्वतः पाहिलेत. त्या वेळी वर घराघरांत लोक जेवत होते.

म्हणून आधी टेकू. कॉलमच्या दोन्ही अंगांना बीमखाली जॅकचे स्टीलचे प्रॉप, आणि शक्य असेल तर वरच्या मजल्यांवरही त्याच रेषेत, म्हणजे वरचे मजले आपला भार प्रॉपमधूनच खाली देतात. पार्किंगची जमीन बहुधा मुरमाच्या भरावावर पातळ कोबा असते. त्यावर प्रॉप थेट उभा केला, तर तो रुततो आणि सैल पडतो. खाली लोखंडी चॅनेल किंवा जाड फळ्या घालून भार पसरवायला हवा. प्रॉपला हातोडीने हलकं ठोकून पाहा. भार घेतलेला प्रॉप खणखणतो; हाताने हलणारा प्रॉप टेकू नव्हे, सजावट आहे.

पूर्ण ६५ टन प्रॉपवर येणार नाहीत, हेही मान्य करायला हवं. राहत्या इमारतीत भार थोडाच हलका होतो. किती हलका करायचा, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने हिशेब करून लिहून द्यावं आणि एका वेळी एकच कॉलम उघडावा. पुढचा घ्यायचा तो शेजारचा नाही, दूरचा.

टेकूंचा दुसरा उपयोग लोकांच्या लक्षात येत नाही. ६५ टनांपैकी साधारण ५० टन तरी इमारतीचं स्वतःचं वजन असतं आणि ते जुन्या कॉलममध्ये आधीच दाबून बसलेलं असतं. टेकू न लावता जॅकेट ओतलं, तर हे ५० टन जुन्याच कॉलमवर राहतात. जॅकेटच्या वाट्याला फक्त नंतर येणारा भार येतो, किंवा जुना कॉलम आणखी आखडला तर जो सरकेल तेवढा. प्रॉपवर भार ठेवून जॅकेट ओतलं, ते पक्कं झालं आणि मग जॅक हळूहळू सोडले, तर सुटलेला भार जुना आणि नवा भाग मिळून उचलतात.

वरची फट आणि बीमखाली संपलेल्या सळया

ठाण्याच्या इमारतीत मुख्य चूक इथे होती. मायक्रोकाँक्रीट, म्हणजे पोत्यात तयार मिळणारं बारीक खडीचं काँक्रीट, शटरिंगच्या बाजूने वरपर्यंत ओतलं, ते थोडं खाली बसलं आणि राहिलेली दोन बोटं जागा दुसऱ्या दिवशी साध्या वाळू-सिमेंटने भरली. तो मसाला आकसला आणि फट पडली. फोडून पाहिलं, तर उभ्या सळयाही बीमच्या तळाशी कापलेल्या होत्या.

यावर उपाय असतो, पण त्यासाठी पहिल्या मजल्यावरच्या घरात शिरावं लागतं, म्हणून तो टाळला जातो. बीम २३० रुंद आणि जॅकेटसह कॉलम ४३० रुंद. म्हणजे बीमच्या दोन्ही बाजूंना १०० मिलिमीटरची पट्टी मोकळी असते. जॅकेटच्या सळया समान अंतरावर वाटण्यापेक्षा कोपऱ्यांत एकत्र आणल्या, तर त्या बीम चुकवून स्लॅबमधून वर जाऊ शकतात. स्लॅबला त्या पट्टीत भोकं पाडायची, सळया वरच्या मजल्यात न्यायच्या आणि शेवटचा थर त्याच भोकांतून वरून ओतायचा. वरून दाब असल्यामुळे काँक्रीट स्लॅबच्या तळाला घट्ट भिडतं. बीमखालचा भाग नॉन-श्रिंक, म्हणजे न आकसणाऱ्या, ग्राउटने भरायचा.

एका घरातल्या चार लाद्या उचलायला परवानगी मिळत नाही, म्हणून सहा कॉलम अर्धवट राहतात. ही गोष्ट काम सुरू होण्याआधी सोसायटीच्या सभेत बोलून घ्या. वरच्या मजल्यावरच्या काकूंना नकाशा दाखवून समजावलं, तर त्या नाही म्हणत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

खाली लादीवरच उभं केलेलं जॅकेट

वर जी चूक, तीच खाली. जॅकेटने घेतलेला भार फुटिंगपर्यंत, म्हणजे कॉलमखालच्या पायापर्यंत, गेला पाहिजे. पार्किंगच्या कोब्यावर संपलेल्या जॅकेटखाली असतो नुसता भराव. तो भराव काही उचलत नाही, त्यामुळे जमिनीलगत सगळा भार पुन्हा जुन्या कॉलममध्ये शिरतो. आणि पाणी साचून कॉलम सगळ्यात जास्त सडलेला असतो तोही नेमका तिथेच.

खोदून फुटिंग उघडायचं, त्यात भोकं पाडून सळया केमिकलने रोवायच्या. भोकाची खोली इंजिनिअर सांगेल. साफसफाई मात्र तुम्ही स्वतः पाहा. हवा मारायची, ब्रश फिरवायचा, पुन्हा हवा मारायची. मग बोट घालून बघायचं. बोट पांढरं होऊन बाहेर आलं, तर केमिकल धुळीला चिकटणार, काँक्रीटला नाही. फुटिंगचं तपासणं वेगळं. ते कमजोर असेल, तर कॉलम कितीही जाड केला तरी उपयोग नाही.

जुन्या-नव्याचा सांधा

जॅकेट जुन्या कॉलमला पकडून राहतं ते खडबडीतपणामुळे. रंग, गिलावा, सैल काँक्रीट पूर्ण निघालं पाहिजे आणि खडी उघडी पडली पाहिजे. शिवाय जुन्या कॉलममध्ये ठरावीक अंतराने आडव्या खुंट्या रोवाव्या लागतात. इपॉक्सीचा बाँडिंग कोट मारून शटरिंग बांधायला अर्धा दिवस गेला, की तो कोट सुकून गुळगुळीत पापुद्रा होतो आणि नवं काँक्रीट त्यावरून सुटतं. कोट चिकट असेपर्यंतच ओतता आलं पाहिजे. ते जमणार नसेल, तर तो न मारता खडबडीत पृष्ठभाग आदल्या दिवसापासून भिजवून, वरचं पाणी पुसून ओतलेलं मी जास्त पसंत करतो.

उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगांबद्दल थोडक्यात. जुन्या कॉलमभोवती अख्खी रिंग घालता येत नाही, म्हणून ती दोन तुकड्यांत येते आणि फिटर टोकं काटकोनात वाकवून मोकळा होतो. ती टोकं १३५ अंशात आतल्या बाजूला वळलेली हवीत, नाहीतर भूकंपात रिंग उघडते. भारतीय मानक आयएस १५९८८ जॅकेटची जाडी किमान १०० मिलिमीटर, रिंग किमान ८ मिलिमीटरची आणि नवं काँक्रीट जुन्यापेक्षा किमान ५ मेगापास्कल सरस मागतं. कॉलमच्या वरच्या-खालच्या टोकांजवळ, उंचीच्या चौथ्या हिश्शात, रिंगांमधलं अंतर १०० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. ४० मिलिमीटर पॉलिमर मसाला थापून त्याला जॅकेटिंग म्हणणारं कोटेशन आलं, तर ती कव्हरची दुरुस्ती आहे, ताकद वाढवणं नव्हे.

मायक्रोकाँक्रीटच्या पोत्यावर पाण्याचं माप छापलेलं असतं. ओतायला सोपं जावं म्हणून वर एक तांब्या जास्त घातला, की ताकद घटते आणि आकसणं वाढतं. पाणी मापाच्या भांड्यानेच घाला आणि नंतर सात दिवस गोणपाट ओलं ठेवा.

एकच कॉलम जाड केला, तर

२३० बाय ४५०चा कॉलम ४३० बाय ६५० झाला, की त्याचा ताठपणा एका दिशेने सुमारे साडेपाच पट आणि दुसऱ्या दिशेने नऊ पट वाढतो. भूकंपात इमारत हलते, तेव्हा ताठ कॉलम जास्त ओझं स्वतःकडे ओढतो. कोपऱ्यातला एकच कॉलम जाड केला, तर इमारत पिळवटण्याचा धोका असतो. कुठले कॉलम घ्यायचे हे म्हणूनच पूर्ण इमारतीच्या विश्लेषणावरून ठरतं, कुठे भेग दिसली त्यावरून नाही.

त्या सहा कॉलमचं पुढे काय झालं

आधी प्रत्येक जॅकेट हातोडीने ठोकून घेतलं. दोन ठिकाणी बद्द आवाज आला, तिथे काँक्रीट सुटलेलं निघालं; तो भाग काढून नव्याने भरला. मग प्रॉप लावून एकेक कॉलम घेतला. वरचा मीटरभर भाग फोडून सळया उघड्या केल्या, स्लॅबमधून नव्या सळया आणून त्यांना जोडल्या आणि वरून ओतलं. खाली खोदून जॅकेट फुटिंगपर्यंत नेलं. फटीत नुसतं ग्राउट दाबा, असंही सुचवलं गेलं होतं. पण कापलेल्या सळया ग्राउटने जोडल्या जात नाहीत, आणि टेकूशिवाय भरलेली फट बसलेला भार परत उचलत नाही.

नव्या काँक्रीटच्या क्यूबच्या ताकदीचे निकाल हाती आल्यावरच प्रॉप सोडले, तेही दोन दिवसांत थोडे-थोडे. पहिल्या मजल्यावरच्या भेगेवर आम्ही काचेची पातळ पट्टी चिकटवली होती, भेग हलली तर ती तडकते. सहावा कॉलम होऊन आठ महिने झाले. परवा जाऊन पाहिली, पट्टी अखंड आहे.