मराठी कादंबरी इंग्रजीत न्यायचीय? आधी हक्क, मग नमुना, मग प्रकाशक

कादंबरी आवडली की बरेच जण थेट पहिल्या पानापासून अनुवाद करायला बसतात आणि तीनशे पानं झाल्यावर कळतं की इंग्रजीचे हक्क आधीच दुसऱ्या कुणाला दिलेत. म्हणून सुरुवात हक्कांपासून करा. आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७ नुसार अनुवादाचा हक्क मूळ लेखकाचा, आणि लेखक गेल्यावर पुढच्या वर्षापासून मोजून ६० वर्षं तो टिकतो. समजा लेखिका १९९४ मध्ये गेल्या, तर २०५४ संपेपर्यंत परवानगी लागणारच. १९६० मध्ये गेल्या असत्या तर १ जानेवारी २०२१ पासून कुणाला विचारायची गरज नव्हती.

हेच १९९४ चं उदाहरण पुढे धरूया. पुस्तकाचं कॉपीराइटचं पान बघा, तिथे हक्क कुणाच्या नावावर आहेत ते बहुतेक वेळा छापलेलं असतं. मग मराठी प्रकाशकाला फोन करा. ते म्हणतील, "हक्क आमच्याकडेच आहेत, तुम्ही करा बिनधास्त." तेवढ्यावर थांबू नका, करारात अनुवादाचा उल्लेख आहे का ते नम्रपणे विचारा, कारण करार फक्त मराठी आवृत्तीचा असेल तर अनुवादाचे हक्क लेखिकेच्या वारसांकडे असतात. आता बाईंना दोन मुलगे आणि एक मुलगी असेल, मृत्युपत्र नसेल, तर तिघांच्याही सह्या घ्या. थोरला भाऊ "मी सांगतो ना त्यांना" म्हणाला तरीही घ्या, कारण प्रकाशकाचा वकील नेमकी तीच सही मागतो.

या टप्प्यावर मोठा करार नको, एक पानी पत्र पुरतं. कादंबरीचं नाव, इंग्रजी अनुवादाचा हक्क फक्त तुम्हाला, प्रकाशक शोधायला १८ महिने मुदत, आणि मिळणारे पैसे तुम्ही आणि वारस यांच्यात कसे वाटायचे (अर्धे-अर्धे हा सोपा आणि बऱ्याचदा मान्य होणारा हिशोब). प्रदेश आणि मुदत मात्र स्पष्ट लिहा हं. कायद्यात असं आहे की प्रदेश लिहिला नाही तर हक्क फक्त भारतापुरता धरला जातो आणि मुदत लिहिली नाही तर पाच वर्षांचा. उद्या लंडनच्या प्रकाशकाने विचारलं तर तिथेच गाडी अडते, म्हणून 'जगभरासाठी' हा शब्द पत्रात हवा.

पत्र हातात आलं की नमुना. अख्खी कादंबरी करू नका, इंग्रजीत तीन ते पाच हजार शब्द पुरतात, सलग एकाच ठिकाणचे. पहिलं प्रकरण बरेच संपादक मागतातच, पण ते नुसतं गावाचं वर्णन असेल तर त्याच्यासोबत संवाद असलेलं एक छोटं प्रकरण जोडा, कारण अनुवादकाचं कसब संवादात दिसतं. उदाहरणार्थ सून इतकी वर्षं सासूला 'तुम्ही' म्हणत आलीय आणि भांडणात एकदम 'तू' वर येते. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द. मग तळटीप टाकून समजावू नका, तिची आधीची वाक्यं लांब आणि अदबीची ठेवा आणि त्या क्षणी वाक्य तोडा, सासूला नावाने हाक मारू द्या. वाचणाऱ्याला धक्का तिथेच बसला पाहिजे. तपासायचं कसं? मराठी न येणाऱ्या माणसाला द्या आणि कोण कुणावर चिडलंय ते विचारा, त्याला सांगता आलं नाही तर ते पान पुन्हा लिहा.

आता प्रकाशक. पेंग्विन रँडम हाऊस इंडिया, हार्परकॉलिन्स इंडिया, स्पीकिंग टायगर, वेस्टलँडचा 'एका' नावाचा विभाग, हे सगळे भारतीय भाषांमधले अनुवाद काढतात. त्यांनी अलीकडे काय काढलंय ते आधी बघा आणि वेबसाइटवरचे नियम वाचून तसंच पाठवा. ईमेल छोटा ठेवा: कादंबरी कशाबद्दल आहे ते चार ओळींत, मूळ प्रकाशनाचं वर्ष, अंदाजे शब्दसंख्या, तुम्ही कोण, आणि 'हक्कांचं पत्र माझ्याकडे आहे' हे वाक्य नक्की. सोबत नमुना आणि एक पानी कथासार, त्यात शेवटसुद्धा सांगायचा, उत्सुकता ताणायची नाही. एकाच वेळी चार ठिकाणी पाठवलंत तर तसं कळवा. उत्तराला महिने लागतात, तीन महिन्यांनी एक आठवण पाठवायला हरकत नाही.

होकार आला की सही करायच्या आधी तीन गोष्टी बघा. अनुवादाचा कॉपीराइट तुमच्या नावावर आहे का, मुखपृष्ठावर नाव छापणार का, आणि पुस्तक ठरलेल्या मुदतीत निघालं नाही किंवा बाजारातून गेलं तर हक्क परत तुमच्याकडे आणि वारसांकडे येतात का. हे तिसरं कलम नसेल तर मागून घ्या, नाहीतर पुस्तक त्यांच्याकडेच पडून राहतं आणि तुम्हाला दुसऱ्या कुणाकडे नेताही येत नाही.