धार हळू येते म्हणून व्हॅक्यूम वाढवताय? छोट्या मिल्किंग मशीनच्या या चुका टाळा

दहा गायींच्या गोठ्यात बहुधा एकच बकेट आणि एकच क्लस्टर, म्हणजे सडांना लावायच्या चार कपांचा जोड, असतो. मशीन नवं असताना जी गाय सहा-सात मिनिटांत मोकळी व्हायची, तिलाच काही महिन्यांनी नऊ-दहा मिनिटं लागायला लागतात. मागे अजून गायी उभ्या असतात, म्हणून हात रेग्युलेटरच्या स्क्रूकडे जातो आणि व्हॅक्यूम थोडा वाढवला जातो. माझ्या मते छोट्या मशीनवरची सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. धार मंदावण्याचं कारण व्हॅक्यूमची कमतरता असेलच असं नाही. दोष बरेचदा पल्सेशनमध्ये, म्हणजे ओढ आणि दाबाच्या ठोक्यांत, किंवा कपाच्या आतल्या रबरी लायनरमध्ये असतो, आणि तिथे व्हॅक्यूम वाढवला की दुखणं वाढतं.

ते का, हे समजून घेऊ. लायनर उघडा असताना व्हॅक्यूम थेट सडाच्या टोकावर लागतो आणि दूध बाहेर येतं. त्याच ओढीने सडात रक्त आणि पाणीही उतरतं. म्हणून लायनर दर सेकंदाला एकदा मिटून सडाला दाबतो आणि ते रक्त परत वर जातं. गायींसाठी साधारण मिनिटाला ६० ठोके आणि ६०:४० हे प्रमाण वापरतात, म्हणजे प्रत्येक सेकंदात सहा भाग ओढ आणि चार भाग दाब. दाबाचा हा वेळ अपुरा पडला की सड सुजतं, टोकाचं छिद्र आवळतं आणि धार बारीक होते. त्यात व्हॅक्यूम वाढवला की सूज आणखी वाढते.

आधी सड बघा, मग गेज

क्लस्टर काढल्याबरोबर सडांकडे नीट बघा. सड मऊ आणि नेहमीच्या रंगाचं असलं पाहिजे. ते लालसर किंवा निळसर दिसत असेल, हाताला टणक लागत असेल, मुळाशी वळ उठला असेल, तर मशीन सडाला त्रास देतंय. टोकावर खरबरीत पांढरी कडी तयार झाली असेल, तर हा त्रास बरेच दिवस चालू आहे. शेवटच्या मिनिटांत लाथ मारणाऱ्या गायीला लगेच खोडकर ठरवू नका. पुष्कळदा सड दुखत असतं म्हणून ती मारते.

आता गेज. जमिनीवर ठेवलेल्या बकेटच्या मशीनला साधारण ४० ते ४४ किलोपास्कल पुरतात. गेज पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये असेल तर हे ३०० ते ३३० येतं. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत आकडा दिला असेल तर तोच धरा. काटा नुसता योग्य आकड्यावर असून भागत नाही, तो स्थिर हवा. क्लस्टर बंद असताना रेग्युलेटरमधून हवा आत ओढली जात असल्याचा आवाज यायला हवा. आवाज येत नसेल तर पंपाकडे राखीव ताकद उरलेली नाही, किंवा कुठेतरी गळती आहे. बकेटच्या झाकणाचं रबर आणि नळ्यांची टोकं आधी तपासा. धार काढताना मधूनच सूंऽ असा आवाज येत असेल तर कप सरकून हवा आत शिरते आहे. हा आवाज दुर्लक्षू नका. एका सडाजवळ हवा शिरली की चारही कपांचं दूध जिथे एकत्र येतं त्या क्लॉमधलं दूध थेंबांच्या रूपाने दुसऱ्या सडाच्या टोकावर जोरात आदळू शकतं, आणि त्या थेंबांबरोबर कासदाहाचे जंतूही आत जातात.

कोणती सडं अडली आहेत, यावरून दोष सापडतो

समजा डावीकडची दोन सडं नेहमी उशिरा मोकळी होतात आणि उजवीकडची ठीक आहेत. चारही सडांना एकच व्हॅक्यूम मिळतो, त्यामुळे रेग्युलेटर इथे दोषी असणार नाही. लायनरची उघडमीट करणाऱ्या पल्सेटरला दोन तोंडं असतात. एका तोंडावर दोन कप, दुसऱ्यावर दोन, आणि दोन्ही आळीपाळीने चालतात. म्हणजे संशय त्या एका बाजूवर. एकच सड अडलं असतं तर त्या कपाचा लायनर किंवा त्याची छोटी नळी बघितली असती.

मशीन सुरू करा, तीन कपांची तोंडं बंद करा आणि चौथ्यात अंगठा घाला. लायनर पूर्ण उघडून स्पष्ट दाबला गेला पाहिजे. घड्याळ लावून ठोके मोजा. मग चारही कपांत एकेक करून तेच करा. आपल्या उदाहरणात डाव्या दोन कपांत दाब ढिला लागतो. आता त्या बाजूची हवेची नळी पल्सेटरपासून सोडा आणि आत बघा. या नळीत फक्त हवा खेळते, ती कोरडीच असायला हवी. ती ओली असेल, आंबट वास येत असेल, तर लायनरला बारीक चीर पडली आहे. त्या चिरेतून दूध नळीत आणि नळीतून पल्सेटरमध्ये गेलं, तिथे वाळलं, आणि आतली झडप अडखळायला लागली. लायनर एकच फाटला, पण त्या तोंडावरच्या दोन्ही सडांचा दाब गेला.

फाटलेला लायनर बदला, हवेच्या नळ्या धुऊन पूर्ण वाळवा, पल्सेटर पुस्तिकेप्रमाणे उघडून साफ करा. त्याच्या हवेच्या जाळीत भुसा आणि धूळ बसली असेल तर तीही काढा, कारण जाळी तुंबली तरी लायनर वेळेवर मिटत नाही. एवढं झाल्यावर वाढवलेला व्हॅक्यूम मूळ आकड्यावर आणायला विसरू नका.

इथे एक हिशेब लक्षात ठेवा. रबरी लायनर साधारण २,५०० वेळा धार काढेपर्यंत चालतो. दहा गायी, दोन वेळा आणि एकच क्लस्टर म्हणजे रोज २०, म्हणजे सुमारे १२५ दिवस. चार महिन्यांत लायनर संपतो, दिसायला तो धड असला तरी. चारही एकदम बदला. तीन जुने आणि एक नवा ठेवलात तर चार सडांना वेगवेगळी वागणूक मिळते.

धुण्यात होणारी गफलत

लायनर लवकर खराब होण्यात धुण्याचा वाटा मोठा आहे. दुधातली चरबी रबरात मुरते आणि रबर फुगून ढिलं पडतं. गार पाण्याने चरबी निघत नाही, आणि सुरुवातीलाच कडक गरम पाणी घातलं तर दुधातली प्रथिनं चिकटून बसतात. म्हणून शेवटची गाय झाल्याबरोबर ३५ ते ४० अंशांच्या कोमट पाण्याने, पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळा. मग सुमारे ७० अंशांच्या पाण्यात अल्कली पावडर, पाकिटावर दिलेल्या मापानेच, आणि ते पाणी क्लस्टरमधून ओढा. ओढताना कप मधूनमधून पाण्याबाहेर उचला, म्हणजे हवेच्या धक्क्याने आतल्या भिंती घासल्या जातात. पाणी ४५ अंशांखाली यायच्या आत हे उरका, नाहीतर सुटलेली चरबी परत बसते. शेवटी स्वच्छ पाणी. पाण्यातल्या क्षारांचा आणि दुधाचा पांढरा थर काढायला आठवड्यातून एकदा ॲसिड क्लीनर वापरा. क्लोरीन असलेलं औषध आणि ॲसिड कधीही एकत्र करू नका, विषारी वायू तयार होतो.

क्लॉवर एक बारीक हवेचं छिद्र असतं. ते तुंबलं की दूध क्लॉमध्ये साचतं. ते रोज मोकळं करा, पण खिळ्याने मोठं करू नका. धुतल्यावर क्लस्टर लायनरची तोंडं खाली करून टांगा.

दुरुस्तीनंतर गायीचा वेळ आणि सडाचा रंग काही दिवसांतच सुधारायला हवा. टोकावरची खरबरीत कडी जायला मात्र काही आठवडे लागतात. रंग सुधारला नाही, किंवा दुधात गाठी दिसल्या, तर मशीनशी खेळत न बसता पशुवैद्यकांना दाखवा.