लांबच्या नातेवाइकांना लग्नाची लाइव्ह लिंक पाठवताना या चुका टाळा

लग्न पुण्यातल्या कार्यालयात आणि नातेवाईक मात्र इंदूर, दुबई, न्यू जर्सीला पांगलेले. त्यांना व्हॉट्सॲपवर जे निमंत्रण जातं ते बहुतेक वेळा छापील पत्रिकेचा फोटो आणि खाली यूट्यूबची लिंक, एवढंच असतं. पत्रिका लिहिलेली असते प्रत्यक्ष येणाऱ्या पाहुण्यांसाठी. त्यामुळे तिच्यातली वेळ, आहेराची ओळ, नावं, सगळंच लांबून बघणाऱ्याला अपुरं पडतं. लांबच्यांसाठी वेगळा मजकूर लिहायलाच हवा.

समजा लग्न १३ डिसेंबरला, रविवारी, कोथरूडच्या एका कार्यालयात आहे आणि मुहूर्त सकाळी ११ वाजून ४२ मिनिटांचा आहे.

फक्त मुहूर्ताची वेळ देणं

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. ११.४२ ही अक्षता पडण्याची वेळ. मंगलाष्टका त्याआधी दहा-पंधरा मिनिटं सुरू झालेल्या असतात. पुण्यातला पाहुणा हे जाणून अकरालाच हजर होतो. लांबचा माणूस मात्र दिलेल्या वेळेलाच लिंक उघडतो. तोवर अंतरपाट दूर झालेला असतो, हार घातलेले असतात आणि पडद्यावर नुसती गर्दी दिसते. पुढे कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी आहे हे कोणी सांगितलेलंच नसतं, म्हणून तो लग्न संपलं असं समजून लिंक बंद करतो.

तेव्हा मजकुरात तीन वेळा द्या: प्रक्षेपण सुरू होण्याची, मंगलाष्टकांची आणि सप्तपदीची. सप्तपदीच्या वेळेपुढे ‘अंदाजे’ लिहा आणि ती गुरुजींना विचारूनच टाका. फोटोग्राफरलाही आधी बजावून ठेवा. अक्षता पडल्या की स्टेजवर भेटायला रांग लागते, कॅमेरा तिकडे वळतो आणि होमाकडे कोणाचं लक्ष राहत नाही.

परदेशातल्यांसाठी आणखी एक मेख आहे. डिसेंबरात आपल्या सकाळी ११.१५ ला न्यू जर्सीत रात्रीचे पाऊण वाजलेले असतात. कॅलिफोर्नियात तर अजून आदल्या दिवशीचे, म्हणजे शनिवारचे, रात्रीचे ९.४५ असतात. ‘रविवारी सकाळी’ एवढंच वाचलेला तिकडचा भाचा रविवारी सकाळी आठला उठून लिंक उघडेल, तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेनऊ झालेले असतील. म्हणून तिकडची वेळ वारासकट लिहा. मे महिन्यातल्या लग्नाचा जुना मजकूर मात्र तसाच उचलू नका. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत घड्याळं एक तास पुढे असतात, म्हणजे तेव्हा न्यू जर्सीत पाऊण नव्हे, पावणेदोन वाजलेले असतील.

आपल्या फोनवर उघडली म्हणजे लिंक चालते, असं समजणं

ज्याने प्रक्षेपण लावलंय त्याच्या फोनवर लिंक उघडणारच. खरी परीक्षा दुसऱ्याच्या फोनवर होते. लिंकची सुरुवात studio.youtube.com अशी असेल तर ते चॅनेलवाल्याचं स्वतःचं पान आहे, पाहुण्यांना तिथे काहीच दिसणार नाही. त्यांना youtube.com/watch किंवा youtube.com/live अशी लिंक लागते. लिंक बरोबर असून ‘Private video’ दिसत असेल तर सेटिंग ‘Private’ वर राहिलंय, ते ‘Unlisted’ करा. मग लिंक असलेल्या कोणालाही बघता येतं, पण शोधून सापडत नाही. ती पुढे पाठवली तर परक्यालाही दिसेल, एवढं मात्र ध्यानात ठेवा.

चॅनेल नवं असेल तर लाइव्हची सोय सुरू व्हायला २४ तासांपर्यंत लागू शकतात, आणि मोबाइलवरून थेट दाखवायला निदान ५० सबस्क्रायबर लागतात. म्हणजे सीमांतपूजनाच्या संध्याकाळी चॅनेल काढून भागत नाही.

लिंक पत्रिकेच्या फोटोवर छापू नका, ती दाबता येत नाही. मजकुरात वेगळ्या ओळीवर टाका, मागेपुढे टिंब किंवा ठळक अक्षरांसाठीची फुली लावू नका. आखूड केलेली लिंकही नको. २०२४ मध्ये लग्नपत्रिकेच्या नावाखाली फोनमध्ये घातक ॲप घुसवणाऱ्या फाइल फिरल्या आणि पोलिसांना लोकांना सावध करावं लागलं. तेव्हापासून अनोळखी नंबरवरची लिंक उघडायला लोक कचरतात, आणि ते बरोबरच आहे.

‘आहेर आणू नये’ हीच ओळ पाठवणं

जो येणारच नाही, तो आणणार काय? त्याच्या हातात पैसे पाठवणं असतं, आणि मजकुरात फोन नंबर दिसला की ‘त्यावर जीपे करू का?’ असा निरोप येतोच. म्हणून ‘आणू अथवा पाठवू नये’ असं लिहा. ‘आहेर स्वीकारला जाणार नाही’ हे वाक्य मात्र वडीलधाऱ्यांना तोडून टाकल्यासारखं वाटतं. आशीर्वादाची ओळ आधी, विनंती मागून, आणि ती एकदाच. ठळक अक्षरांत तर मुळीच नको. मामा-आत्यांचा मानाचा आहेर हा घरातला विषय आहे, त्याचा खुलासा या मजकुरात करायचं कारण नाही.

ओळखीचंही बघा. चुलतआजीला नवरीचं नाव ठाऊक नसतं, तिच्या आजोबांचं असतं. म्हणून निमंत्रण आई-वडिलांच्या नावाने जाऊ द्या आणि नातं सांगा. ‘लाइव्ह पाहावे’ एवढंच लिहिलं तर ‘आम्हाला बोलावलंच नाही’ असा अर्थ निघतो. आधी बोलवा, मग लिंक द्या.

सगळं धरून मजकूर असा होतो:

> सप्रेम नमस्कार.
> आमची कन्या चि. सौ. कां. मृदुला हिचा विवाह चि. ओंकार यांच्याशी रविवार, १३ डिसेंबर रोजी पुणे येथे योजिला आहे. (मृदुला ही आपल्या वाईच्या आप्पांची नात.) आपण सहकुटुंब यावे, हे आग्रहाचे निमंत्रण. प्रवास शक्य नसल्यास घरूनच सोहळ्यात सामील व्हावे.
>
> यूट्यूबवर थेट प्रक्षेपण (भारतीय वेळ):
> सुरुवात सकाळी ११.१५
> मंगलाष्टका ११.३०, मुहूर्त ११.४२
> सप्तपदी अंदाजे १२.४५
> न्यू जर्सी: शनिवारी मध्यरात्रीनंतर १२.४५ (तारीख १३)
> कॅलिफोर्निया: शनिवार १२ तारीख, रात्री ९.४५
>
> (इथे लिंक)
>
> आपले आशीर्वाद हाच आमचा आहेर. कृपया आहेर वा भेटवस्तू आणू अथवा पाठवू नये, ही नम्र विनंती.
> लिंक उघडली नाही तर: (घरातल्या एकाचं नाव आणि नंबर)

शेवटच्या ओळीत नवरा-नवरीचा किंवा त्यांच्या आई-वडिलांचा नंबर देऊ नका, त्या वेळी ते बोहल्यापाशी असतात. मोकळा असलेला एखादा चुलतभाऊ बघा.

पाठवताना आणि त्या दिवशी

ब्रॉडकास्ट लिस्टवरून पाठवलेला निरोप ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला आहे त्यांनाच पोहोचतो. लांबच्यांनी तो केलेला नसतो, आणि मग ‘आम्हाला कळवलंच नाही’ हे ऐकावं लागतं. त्यांना एकेकट्याला पाठवा.

मुहूर्ताच्या दिवशी नेहमीची गडबड अशी होते: फोटोग्राफर आधी ठरवलेलं प्रक्षेपण न उघडता नवं सुरू करतो. नव्याची लिंक वेगळी असते आणि जुन्या लिंकवर सगळे ‘लवकरच सुरू होईल’ बघत बसतात. ११.१५ ला चुलतभावाने स्वतःच्या फोनवर, व्हॉट्सॲपमधल्याच लिंकवरून बघावं. चित्र नसेल तर तडक फोटोग्राफरला गाठून जुनंच प्रक्षेपण चालू करायला सांगावं. ते नाहीच जमलं तर नवी लिंक ‘आधीची चालत नाही, ही उघडा’ एवढ्या शब्दांत सगळ्यांना पाठवावी. आधीचा निरोप दुरुस्त करता येत नाही, कारण व्हॉट्सॲप त्यासाठी १५ मिनिटंच देतं. हॉलमध्ये सिनेमाची गाणी लावली असतील तर मंगलाष्टकांच्या आधीच बंद करायला सांगा. हक्क असलेलं संगीत ओळखलं गेलं तर यूट्यूब प्रक्षेपण थांबवू शकतं, आणि ते नेमकं अक्षता पडतानाही होऊ शकतं.