आजींनी तुम्हालाच सल्ला विचारला तर?

इंदूरच्या दवाखान्यात जळगावकडच्या आजींसाठी दुभाषी म्हणून बसलात, की त्यांचं 'माझ्या छातीत दुखतं' हे डॉक्टरांना 'मेरे सीने में दर्द होता है' असंच सांगा. 'ये कह रही हैं' आलं की डॉक्टर तुमच्याशीच बोलू लागतात, आजी बाजूला पडतात. स्वतःची शंका असेल तर 'दुभाषिया पूछ रहा है' असं वेगळं म्हणा.

खरी कसोटी पुढेच. आजी हळूच विचारतात, 'बाळा, तूच सांग, अँजिओग्राफी करू का?' 'करा हो, काही होत नाही' हे अगदी ओठावर येतं. ते गिळा. प्रश्न जसाच्या तसा डॉक्टरांपुढे ठेवा आणि तसं आजींनाही सांगा. उत्तरात रक्तस्रावाची जोखीम आली, तर आजी घाबरतील म्हणून ती गाळू नका. संमतीपत्रावर सही त्यांची असते.