बिघाडाचा घटनाक्रम लावताना आधी घड्याळं जुळवा

सर्व्हरचे लॉग बहुधा यूटीसीत असतात, चॅट भारतीय वेळेत. म्हणून लॉगच्या वेळेत साडेपाच तास मिळवा. समजा, पणजीतल्या हॉटेल-बुकिंग टीमच्या लॉगमध्ये पहिली एरर 08:42 ला आहे, म्हणजे आपल्याकडे 14:12. म्हापशाच्या काउंटरवरून 14:15 ला चॅट आलं, ‘बुकिंग अडकतंय’. अलर्ट मात्र 14:17 चा, कारण एरर सलग पाच मिनिटं टिकल्यावरच तो वाजतो. अलर्टलाच सुरुवात मानली, तर ड्यूटीवरचा माणूस उगाच सुस्त ठरत नाही, पण बिघाड पाच मिनिटांनी लहान दिसतो. सुरुवात लॉगवरूनच घ्या. प्रत्येक नोंदीपुढे त्या क्षणी ड्यूटीवरच्या माणसाला स्क्रीनवर काय दिसत होतं तेवढंच लिहा. ‘लक्षात यायला हवं होतं’ हे वाक्य खोडा.